हक्काची रजा

आमच्या कार्यालयात अर्जित रजेला सगळे हक्काची रजा म्हणत. रजेच्या नियमांत मात्र अगदी सुरुवातीलाच लिहिलेलं आहे की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. हे मला अधीक्षकांनी सांगितलं, मी माझा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला त्या दिवशी.

मी नांदेडला पाटबंधारे खात्याच्या एका विभागीय कार्यालयात लिपिक-टंकलेखक होते. अधीक्षक म्हणजे आमच्या सगळ्या कारकुनांचे वरिष्ठ. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, बोलणं कमी, पान मात्र सतत तोंडात. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पुन्हा वाचला.

"पंचेचाळीस दिवस अर्जित रजा. कारण, नाटकात काम." ते म्हणाले, "बाई, तुम्ही हे काय करून राहिल्या? 'घरगुती कारण' लिहा की. कोण इचारतंय?"

"पोस्टरवर माझं नाव येणार आहे, साहेब. नांदेडच्या भिंतीवर नाव आणि फायलीत घरगुती कारण, हे बरं दिसेल का?"

त्यांनी थोडा विचार केला. "मग हे एका कागदाचं काम न्हाई. दोन कागद लागतील."

पैसे न घेता हौसेनं एखादा प्रयोग केला तर कोणी अडवत नाही, कला-साहित्याचं अधूनमधूनचं काम करायला कर्मचाऱ्याला मोकळीक असते, असं त्यांनी समजावून सांगितलं. पण पुण्याच्या निर्मात्याशी करार, ठरलेले तीस प्रयोग आणि प्रत्येक प्रयोगाचं मानधन, याला अधूनमधून म्हणता येत नाही. शिवाय रजेवर असताना दुसरं काम पत्करायचं तर त्याची परवानगी वेगळी. रजा आमचे कार्यकारी अभियंता मंजूर करू शकत होते. परवानगीचा कागद मात्र वर, मंडळ कार्यालयात जाणार होता.

"आन् संहिता जोडा," ते म्हणाले. "वरून मागतीलच. त्यापेक्षा आपणच आधी पाठवलेली बरी."

मी मान हलवली. त्या संहितेत काय आहे ते मला चांगलं ठाऊक होतं.

त्यासाठी दहा वर्षं मागे जायला हवं.

त्या वर्षीही मी नाटकात होते. आमचा नांदेडचा हौशी संघ राज्य नाट्यस्पर्धेची तयारी करत होता. कार्यालय सुटल्यावर एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी चालायच्या, दिग्दर्शक त्याच शाळेत मराठी शिकवायचे. ऑक्टोबरमध्ये शेवटच्या तालमींसाठी मी बारा दिवसांची रजा मागितली होती आणि ती मंजूरही झाली होती. तीस सप्टेंबरच्या पहाटे जमीन हलली. नांदेडला आम्ही अंगणात आलो, शेजाऱ्यांशी बोललो आणि पुन्हा आत गेलो. किल्लारीची बातमी कळली ती सकाळी, रेडिओवर.

तिसऱ्या दिवशी कार्यालयात आदेश आला. सर्वांच्या रजा रद्द, आणि मराठी टंकलेखन येणाऱ्या तिघांना भूकंपाच्या कामासाठी लातूरला पाठवायचं. त्या तिघांत मी होते. माझा मुलगा तेव्हा साडेसात वर्षांचा. त्याला उमरीला सासूबाईंकडे ठेवलं आणि एसटीनं लातूरला गेले. तिथून आम्हाला जीपनं औशाच्या पुढं नेलं. एका शाळेच्या पटांगणात मंडप घालून टेबलं मांडली होती. एका टेबलावर नायब तहसीलदार आणि शेजारी मी, टंकलेखन यंत्र घेऊन. गावकामगार तलाठी नावं वाचून दाखवायचा, माणसं दुरुस्त्या सांगायची, मी यादी टंकत जायची. मृताचं नाव, वय, स्त्री की पुरुष, गाव.

यादी टंकताना रडू येत नाही. बोटांना कामाची सवय असते. रडू येतं ते जेवायला बसल्यावर.

पाचव्या की सहाव्या दिवशी एक म्हातारी आली. डोक्यावरून पदर घेतलेला, कपाळावर खरचटल्याची खपली. तिच्या घरातली पाच माणसं गेली होती. चार नावं तलाठ्याच्या यादीत होती. पाचवं तिच्या नातीचं, अकरा दिवसांची पोर. बारसं व्हायचं होतं.

"नाव काय?" नायब तहसीलदारांनी विचारलं.

"ठिवायचं व्हतं. बाराव्या दिशी ठिवणार व्हतो."

"म्हणजे नाव नाही. लिहा बाई, 'स्त्री जातीचे बालक'."

म्हातारी टेबलाची कड धरून उभी राहिली. "आसं नका लिवू ओ. मी आत्ता ठिवते की नाव. हितंच ठिवते." आणि तिनं एक नाव सांगितलं. सांगितलं म्हणजे वाकून, हळूच, जणू पोरीच्या कानात सांगावं तसं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "लिवा की ओ बाई."

मी साहेबांकडं पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. चार दिवस झोपले नव्हते, डोळे लाल झाले होते. ते म्हणाले, "नोंद नसलेलं नाव यादीत घातलं तर उद्या सगळी यादी अडकेल, आजी. तुमची मदत अडकेल." मग मला म्हणाले, "बाई, घ्या पुढं."

मी 'स्त्री जातीचे बालक' असं टंकलं. म्हातारी काही बोलली नाही. अंगठा उठवून गेली.

त्या वर्षी स्पर्धेत माझ्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली. मी नांदेडला परत आले ती डिसेंबरात. रजा रद्द झाल्याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही, तेवढी शरम माझ्यात होती. पण ते एक नाव मी टंकलं नाही, याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. नवऱ्यालाही मी ते सांगितलं नाही.

सांगितलं ते दिग्दर्शकांना, आठ-नऊ वर्षांनी, तालमीच्या मधल्या चहाला. सहज सांगायला लागले आणि शेवटी रडले. सहा महिन्यांनी त्यांनी नाटक लिहून आणलं. पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी म्हातारी, आणि मधोमध तो टेबलाचा प्रवेश. मला आधी राग आला. माझी गोष्ट न विचारता घेतली म्हणून नाही, तर त्या म्हातारीची घेतली म्हणून. चार दिवस मी तालमीला गेले नाही. पाचव्या दिवशी गेले आणि म्हणाले, "करते मी. पण टायपिस्ट मला देऊ नका. ते मला जमणार नाही."

म्हातारी मी केली. नाटकाला स्पर्धेत बक्षीस मिळालं, पुण्याच्या एका निर्मात्यानं ते व्यावसायिक रंगभूमीवर घ्यायचं ठरवलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीस प्रयोग, औरंगाबाद, परभणी, नगर, पुणे, सोलापूर आणि लातूर. म्हणून तो पंचेचाळीस दिवसांचा अर्ज.

घरी मात्र त्या रजेचं वेगळंच ठरलेलं होतं. मुलगा तेव्हा बारावीला होता, लातूरला, वैद्यकीयच्या तयारीसाठी. आमच्याकडची हुशार म्हणवली जाणारी सगळीच मुलं लातूरला जायची. दहावीचा निकाल लागला की बिलोली, देगलूर, उमरीकडच्या बसमध्ये गाद्या आणि स्टीलचे डबे दिसायला लागत. आणि बारावीच्या परीक्षेआधी आया रजा काढून लातूरला जायच्या. एक खोली, एक स्टोव्ह, मुलाला गरम जेवण. आमच्याच कार्यालयातल्या दोघीजणी तशा जाऊन आल्या होत्या. माझ्या खात्यावर सगळी मिळून अडुसष्ट दिवस अर्जित रजा शिल्लक होती, आणि ती कशासाठी साठवली आहे हे घरात कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती.

माझे यजमान उमरीच्या शाळेत गणिताचे मास्तर. रोज रेल्वेनं जाऊन-येऊन करायचे. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "पंचेचाळीस गेले की तेवीस राहतात."

"तेवीस दिवस मी जाईन लातूरला. फेब्रुवारीत."

"आणि नोव्हेंबर-डिसेंबर? तेव्हाच तर सगळ्या सराव परीक्षा असतात." थोड्या वेळानं म्हणाले, "भूकंपाच्या वेळीही तू नव्हतीस. पोरगा दारात बसून राहायचा. पण ते सरकारी काम होतं. त्याला कोणी काही म्हणू शकत नव्हतं."

सरकारी कामासाठी आईनं दूर राहणं चालतं आणि नाटकासाठी चालत नाही, असं ते म्हणाले नव्हते. पण अर्थ तोच होता, आणि मलाही तो पूर्ण चुकीचा वाटत नव्हता. मुलाला मी एसटीडी बूथवरून फोन केला. तो म्हणाला, "कर की, आई. मेसचं जेवण चांगलंय." मेसचं जेवण चांगलं नव्हतं, हे गणपतीला तो घरी आला तेव्हा त्याच्या मनगटांकडं बघून मला कळलं होतं.

अर्ज मात्र मी मागे घेतला नाही.

अडचण आली ती संहितेवरून. अधीक्षकांनी ती घरी नेऊन वाचली. दोन दिवसांनी मला बोलावलं आणि त्या टेबलाच्या प्रवेशाच्या पानावर बोट ठेवलं.

"हे. सरकारी कर्मचाऱ्यानं जाहीरपणे सरकारच्या कामावर टीका करू नये, असा वर्तणुकीचा नियम हाय. इथं म्हातारी काय म्हणते? 'तुमच्या कागदाला माणूस दिसत न्हाई.' आन् म्हणणार कोण? तुम्ही. पाटबंधारे खात्याच्या कर्मचारी."

"ते वाक्य पात्राचं आहे, साहेब. माझं नाही."

"मला कळतंय हो. वर कळायला पायजे ना." पान गालात सरकवून ते म्हणाले, "ते वाक्य काढता येत न्हाई का?"

मी दिग्दर्शकांना विचारलं. ते म्हणाले, "तू म्हणशील तर काढतो. नाटक त्यानं मरणार नाही. पण तूच सांग, म्हातारी ते म्हणाली होती का?"

म्हातारी ते म्हणाली नव्हती. ती गप्प अंगठा उठवून गेली होती. ते वाक्य दिग्दर्शकांनी तिच्या तोंडी घातलेलं होतं. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी त्यांना म्हणाले, "काढा. तिला गप्पच जाऊ द्या. पण नायब तहसीलदाराला वाईट माणूस करू नका. त्यांचे लाल डोळेही येऊ द्या." दिग्दर्शकांनी प्रवेश पुन्हा लिहिला. तो आधीपेक्षा चांगला झाला असं ते स्वतःच म्हणाले. मला तसं म्हणवत नाही, कारण बदलाचं पहिलं कारण नियम होता, हे मी विसरू शकत नाही.

नवी पानं जोडून फाइल कार्यकारी अभियंत्यांकडे गेली. साहेब विदर्भातले, वयानं माझ्याहून लहान, नेमून दिलेल्या वेळेच्या आधी येणारे. त्यांनी मला आत बोलावलं, अधीक्षकही सोबत होते. फाइल उघडीच होती.

"हा प्रवेश खरा घडलेला आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्या टेबलावर टायपिंगला मी होते."

साहेबांनी मान वर केली. अधीक्षकही माझ्याकडं बघायला लागले. त्यांनाही मी हे सांगितलेलं नव्हतं.

"तुम्ही नाव टाकलं नाही?"

"नाही."

बाहेर आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारल्याचा आवाज येत होता. मग साहेब म्हणाले, "मग ही टीका सरकारवर नाही, बाई. तुमच्यावर आहे. ती करायला नियमाची आडकाठी नाही." हे त्यांनी हसून म्हटलं नाही. त्यांनी अधीक्षकांची टिपणी पुन्हा वाचायला घेतली.

ती टिपणी मी नंतर पाहिली, कारण जावक प्रत मीच टंकली. शेवटच्या परिच्छेदात अधीक्षकांनी लिहिलं होतं: 'सदर कर्मचाऱ्यांची यापूर्वी याच कारणास्तव मंजूर झालेली रजा भूकंपाच्या कामी रद्द करण्यात आली होती. त्यांनी कोणतीही तक्रार न करता ते काम पूर्ण केले, अशी नोंद त्यांच्या वैयक्तिक नस्तीत आहे. ही बाब विचारात घेता मान्यतेस हरकत नसावी.' दहा वर्षं जुनी ती नस्ती, म्हणजे माझी फाइल, त्यांनी रेकॉर्डरूममधून काढली होती, आणि मला त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. टंकताना माझी बोटं पहिल्यांदाच थांबली.

मंडळ कार्यालयातून परवानगी येईना. तालमी सुरू झाल्या, पोस्टर छापली गेली, कागद आला नाही. अधीक्षक दर दोन दिवसांनी तिकडच्या ओळखीच्या कारकुनाला फोन लावायचे. पहिल्या प्रयोगाच्या आठ दिवस आधी एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. परवानगी आली होती, चार अटींसह. कार्यालयीन कामावर परिणाम होता कामा नये. मानधनाची माहिती कार्यालयाला द्यावी. रजेला मुदतवाढ मिळणार नाही. आणि निकड पडल्यास रजेतून परत बोलावण्यात येईल. त्याखाली आमच्या साहेबांचा रजेचा आदेश निघाला, मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह.

"जा आता," अधीक्षक म्हणाले. "आन् वेळेवर रुजू व्हा. माझी मान अडकवू नका."

त्या पंचेचाळीस दिवसांबद्दल लोकांनी मला नंतर खूप विचारलं. मला आठवतात त्या लांबच लांब बसच्या वाटा, मांडीवर कपड्यांची पेटी, आणि दर प्रयोगाला टेबलासमोर उभं राहणं. ते नाव मी रोज उच्चारत होते. खरं नाव नाही, दिग्दर्शकांनी ठेवलेलं. खरं मी त्यांनाही सांगितलं नव्हतं.

लातूरचा प्रयोग डिसेंबरात होता. यजमान आले होते, मुलाला घेऊन. टेबलाच्या प्रवेशाला प्रेक्षकांतून एक माणूस उठला आणि बाहेर निघून गेला. धोतर, पांढरा सदरा, सत्तरीचा असावा. मग त्याच्यामागून अजून दोघं गेले. मी बोलत राहिले, पण माझं लक्ष त्या दाराकडं लागून राहिलं.

प्रयोग संपल्यावर तो माणूस बाहेर चहाच्या टपरीजवळ दिसला. मी मेकअप न उतरवताच गेले.

"काका, काही चुकलं का?"

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "चुकलं न्हाई. खरं हाय म्हनूनच बगवलं न्हाई. आमच्या गावचंच हाय की हे." मग कप खाली ठेवून विचारलं, "तुम्ही तिकडच्याच का?"

"नाही. मी नांदेडची. तिथं टायपिंगला होते."

तो रागावला नाही की बरंही म्हणाला नाही. हात जोडून निघून गेला. मी तिथंच उभी राहिले. यजमान मागून आले आणि माझ्या खांद्यावर शाल टाकली. थंडी होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"नाही सांगितलं."

मुलगा आमच्या दोघांकडं बघत होता. म्हणाला, "आई, उद्या सकाळी माझी टेस्ट आहे. मी जाऊ?" मी हो म्हणाले. तो थोडा पुढं गेला आणि परत येऊन माझ्या पाया पडला. आमच्या घरात सणाशिवाय कोणी पाया पडत नाही. मी काही बोलायच्या आत तो गेलाही.

पंचेचाळिसावा दिवस संपला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी रुजू अहवाल दिला. फेब्रुवारीत उरलेले तेवीस दिवस लातूरला काढले. दहा बाय दहाची खोली, शेजारच्या खोल्यांतही आयाच. दुपारी सगळ्या जिन्यावर बसून भाज्या निवडायच्या आणि आवाज न करता बोलायच्या, कारण आत मुलं वाचत असायची. मुलाला वैद्यकीयला जाण्याइतके गुण पडले नाहीत. ते दोन महिने मी तिथं असते तर पडले असते का, हा प्रश्न यजमानांनी कधी विचारला नाही, मीही नाही. तो दोघांनाही पडलेला होता. मुलानं नांदेडलाच बी.एस्सी. केलं. आज तो औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे आणि बरा आहे.

नाटकाच्या त्या प्रयोगांनंतर अडीच वर्षांनी मुंबईच्या एका मालिकेतून विचारणा झाली. आईची भूमिका, सहा महिन्यांचं काम. खात्यावर तेवढी रजा नव्हती, बिनपगारी असाधारण रजा मागावी लागणार होती. अधीक्षक निवृत्त झाले होते, साहेबांची बदली झाली होती. तरी मी अर्ज केला. दोन आठवड्यांनी परत आला, समासात एकच ओळ: 'कर्मचाऱ्यांची कमतरता लक्षात घेता विनंती अमान्य.' ओळ खरी होती. आमच्या शाखेतल्या दोन जागा रिकाम्या होत्या आणि त्यांचं काम मीच करत होते. राग आला नाही असं नाही. मालिकावाल्यांना नकार कळवला आणि दुपारच्या टपालाला बसले.

संध्याकाळी घरी जाताना मी निवृत्त अधीक्षकांच्या घरी गेले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी नकाराचं सांगितलं.

"टिपणी कोणी लिवली?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या जागी नवीन आलेत त्यांनी."

"हं," ते म्हणाले. मग घरात हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.